एकशे अठरातले अठरा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाणगावजवळच्या गावात शाळा होती, तिथे पाढे पाठ केले आणि मग घरात बसले. हे आधीच सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात शहाणपण माझं आहे असं कुणाला वाटू नये. शहाणी असते तर दहा-बारा दिवस आधी बोलले असते.

तलासरीला आमचं रंगाचं आणि नळ-पाइपाचं दुकान आहे. मोठ्या मुलाने काढलं. तो हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याला आता दोन वर्षं होतील. त्याबद्दल मला फारसं लिहायचं नाही. गेल्यानंतर पुष्कळ लोक आले, बसले, उठले. मी रडले की नाही तेही नीट आठवत नाही. जेवणात मीठ कमी आहे की जास्त हे मला तेव्हापासून कळत नाही. त्याची बायको, माझी सून, विचारायची, आई, भाजी बरी झालीय का? मी म्हणायची, झालीय. विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा दोनदा येऊन गेली. शेजारणी दोन्ही वेळा बोलवायला आल्या, मी दोन्ही वेळा चपला शोधत राहिले आणि गेले नाही.

दुकान सुनेने पुन्हा उघडलं. तेरावं झाल्यावर चार दिवसांनी. मूलबाळ नव्हतं, दुसरं काही करायला नव्हतं. मीही जाऊन बसायला लागले, कारण घरात बसलं की घड्याळाचा आवाज येतो. काउंटरच्या कडेला एक लोखंडी खुर्ची होती, ती माझी. गिऱ्हाईक आलं की मी फक्त पाय आत घ्यायची.

दुकानाची एक पद्धत मुलाने घालून दिलेली होती. माल आला की प्रत्येक डब्यावर, प्रत्येक खोक्यावर पेन्सिलीने आकडा लिहायचा. तो कर न धरलेला विक्रीचा भाव. आमच्याकडच्या मालाला अठरा टक्के जीएसटी. पाचशेचा डबा असेल तर शंभराला अठरा याप्रमाणे नव्वद कर, म्हणजे पाचशे नव्वद. गिऱ्हाइकाला मात्र पाचशे नव्वदच सांगायचे. आमची गिऱ्हाइकं पाड्यावरची, शेजारच्या वेवजी गावाकडची, कुणी सीमेपलीकडून गुजरातेतून आलेली. त्यांना पाचशे सांगून वर नव्वद मागितले तर ते म्हणतात, आताच पाचशे म्हणालीस ना बाय? म्हणून भाव एकच, सगळं धरून. बिलावरही एकच रक्कम. कर वेगळा दाखवायचे रकाने बिलाच्या खालच्या बाजूला होते, ते टॅक्सचं काम बघणारा माणूस नंतर भरायचा. आणि विकला गेलेला माल वहीत उतरवायचा तो पेन्सिलीच्या आकड्याने, कर न धरता. मुलगा असंच करायचा. सूनही तसंच करत राहिली. त्याची वही संपली तेव्हा तिने तशीच वही आणली, तशाच रेघा मारल्या.

धाकटा मुलगा पलीकडे गुजरातेत कारखान्यात आहे. सुटीला यायचा. भाऊ होता तोवर त्याने दुकानात कधी पाऊल टाकलं नाही. भाऊ गेल्यावर मात्र सांगायला लागला, की हिशेब बघायला पाहिजे, बाईमाणूस एकटी आहे. वाईट मनाने म्हणाला नाही. त्याला आपण काहीतरी करायला हवं असं वाटत होतं आणि काय करावं हे कळत नव्हतं. असली माणसं हिशेब बघतात.

एका सुटीच्या दिवशी त्याने बिलबुक आणि वही घरी आणली. ओट्यावर बसून मोबाइलवर बेरीज केली. महिन्याची बिलं दोन लाख छत्तीस हजारांची होती. त्याने त्यातून अठरा टक्के काढले. बेचाळीस हजार चारशे ऐंशी. हा सरकारचा कर, म्हणाला. राहिले एक लाख त्र्याण्णव हजार पाचशे वीस. मग वही उघडली. वहीत महिन्याचा गेलेला माल बरोबर दोन लाखांचा.

त्याने तीनदा केलं. तिन्ही वेळा सहा हजार चारशे ऐंशी रुपये कमी.

मग आधीच्या महिन्याचं केलं. त्यातही कमी. त्याच्या आधीच्या महिन्यातही. दर महिन्याला थोडे कमी, थोडे जास्त, पण कमीच. एका महिन्याची चूक असती तर माणूस म्हणेल चूक आहे. दर महिन्याला कमी म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला.

त्याने सुनेला बोलावलं. ती पाण्याची कळशी ठेवून आली. तो म्हणाला, वहिनी, दोन लाखांचा माल गेलाय आणि पैसे एक लाख त्र्याण्णव हजारच आलेत, बाकीचे कुठे आहेत? तिने मोबाइल हातात घेतला. तिनेही तोच हिशेब केला, अठरा टक्के काढले, वजा केले, आकडा बघितला. तोच आला. मोबाइल परत दिला. 

ती बोलली नाही म्हणून मला खरं वाटलं. हे लिहायला लाज कशी वाटत नाही असं लोक म्हणतील. मला तेव्हा लाजही वाटली नाही आणि रागही आला नाही. मी एवढंच म्हटलं, "चावी इथे ठेव."

तिने कमरेची चावी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. मग आत गेली, गळ्यातली सोन्याची साखळी काढून आणली आणि चावीशेजारी ठेवली. ती साखळी तिच्या माहेरची. म्हणाली, "ह्यात भरून निघत असेल तर घ्या."

मी साखळी घेतली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. एखादी म्हातारी म्हणाली असती, अगं वेडी आहेस का, घाल परत. मी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डहाणूला आईकडे गेली. पिशवी एकच होती. मी सोडायला गेले नाही. ती जाताना डाळ भिजत घातलेली आहे एवढं सांगून गेली.

धाकट्याने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि दुकानात बसला. मी माझ्या लोखंडी खुर्चीवर. त्याला भाव माहीत नव्हते, माल कुठे आहे माहीत नव्हता. नळाच्या तोटीला गिऱ्हाईक आलं की तो अर्धं दुकान खाली काढायचा. एक म्हातारा मला म्हणाला, तुमची सून डोळे मिटून द्यायची, हा डोळे उघडून शोधतोय. मी पाय आत घेतले.

पंधरा दिवसांतला दहावा की अकरावा दिवस असेल. एक ठेकेदार आला. आमचं जुनं गिऱ्हाईक, तोंडाने चालू. वेवजीकडे एका वसतिगृहाचं रंगकाम त्याला मिळालं होतं. पाचशे नव्वदवाले वीस डबे हवे होते. पण या वेळी म्हणाला, असं एकरकमी बिल चालणार नाही, मालाची किंमत वेगळी आणि कर वेगळा दाखव, नाहीतर ऑफिसात बिल पास होत नाही.

धाकट्याने कधी असं बिल केलं नव्हतं. पण त्याला वाटलं, सोपं आहे. वीस डबे पाचशे नव्वदने, अकरा हजार आठशे. त्यातून अठरा टक्के काढले, दोन हजार एकशे चोवीस. राहिले नऊ हजार सहाशे शहात्तर. ही मालाची किंमत म्हणून वर लिहिली. मग खाली कर लिहायचा. काउंटरवरच्या हिशेबाच्या मशीनवर नऊ हजार सहाशे शहात्तरचे अठरा टक्के काढले, सतराशे एकेचाळीस रुपये अडुसष्ट पैसे. दोन्हींची बेरीज केली. अकरा हजार चारशे सतरा रुपये अडुसष्ट पैसे.

तो बेरजेकडे बघत राहिला. मग पुन्हा केली. ठेकेदाराने काउंटरवर वाकून आकडा वाचला आणि हसला.

"काय रे शेट, बोलताना अकरा हजार आठशे आणि लिहिताना अकरा चारशे? दया आली का माझ्यावर?"

धाकटा म्हणाला, करामुळे थोडा फरक पडतो. ठेकेदार म्हणाला, पडू दे, असाच पडत राहू दे. बिल फाडून घेतलं, पैसे मोजून दिले, वीस डबे टेम्पोत भरले आणि गेला. जाताना मला म्हणाला, "आजी, तुमचा हा पोरगाच बसवा आता कायम. आम्हाला परवडतो."

मी खुर्चीवरून उठले. उगाच उठले नाही. मला काहीतरी टोचत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा काही टोचलं, असं म्हटलं तरी चालेल.

मला मशीन येत नाही. पण एवढं कळतं, की कणगीतून पायलीभर भात काढलं आणि तेवढंच परत घातलं तर कणगी होती तेवढीच भरली पाहिजे. ह्याने कर काढला आणि कर परत घातला. मग अकरा हजार आठशेच का झाले नाहीत? मधले तीनशे ब्याऐंशी रुपये कुणी खाल्ले? दुकानात सून नव्हती. मी होते आणि तो होता.

एक डबा मागे राहिला होता. मी तो उचलून काउंटरवर ठेवला. त्यावर सुनेच्या हातचा पेन्सिलीचा आकडा होता, पाचशे. मी धाकट्याला म्हटलं, ह्या एका डब्याचं कर. त्याने केलं. पाचशे नव्वदमधून एकशे सहा रुपये वीस पैसे कर. राहिले चारशे त्र्याऐंशी रुपये ऐंशी पैसे.

"डब्यावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पाचशे."

"कर किती घातला होता पाचशेवर?"

"नव्वद."

"मग काढताना एकशे सहा कसे काढतोस? घातले नव्वद, काढलेस एकशे सहा."

तो म्हणाला, आई, अठरा टक्के म्हणजे अठरा टक्के, मशीन खोटं बोलत नाही. मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही, तू त्याला भलतंच विचारतोयस.

तेव्हा मला सवाई आठवली. माझा बाप पेरणीच्या आधी पाड्यावरच्या लोकांना बियाण्याचं भात सवाईने द्यायचा. म्हणजे चार मण नेलं की कापणीनंतर पाच मण आणून घालायचं. चांगलं काम नव्हतं ते, पण आमचं घर त्यावर चालत होतं. सवायकीचा पाढा आम्हाला शाळेत होता, एक सव्वा, दोन अडीच, तीन पावणेचार, चार पाच. एका वर्षी बापाची वही भिजली. एका माणसाने वीस मण आणून घातलं एवढंच वाचता येत होतं, त्याने नेलं किती होतं ते गेलं होतं. माझा थोरला भाऊ सातवी पास. म्हणाला, सोपं आहे, पाव भाग वाढला होता, पाव भाग काढा. विसाचा पाव पाच, पंधरा मण नेलं होतं. आईला अक्षर येत नव्हतं. ती भात पाखडत होती. पाखडता पाखडता म्हणाली, पंधराची सवाई करून बघ. पंधराची सवाई पावणेएकोणीस होते, वीस होत नाही. आई म्हणाली, चाराचे पाच झाले ना? मग पाचातला एक काढायचा. विसातले चार. सोळा मण नेलं होतं त्याने. भावाने बापाचा मार खाल्ला. नेणारा माणूस ओटीखाली उभा होता. त्याला सोळा मण आधीच माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी धाकट्याला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, सवाईने चाराचे पाच होतात तेव्हा पाव भाग चारावर चढतो, पाचावर नाही. तसे हे अठरा शंभरावर चढलेत. शंभराचे एकशे अठरा झाले. आता एकशे अठरातले अठरा काढायचे. तू दर शंभरातले अठरा काढतोस म्हणून जास्त निघतात. करावरसुद्धा कर काढतोयस तू.

त्याला पटलं नाही. त्याने टॅक्सवाल्याला फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलणारा, मला ऐकू येत होतं. म्हणाला, करासकट रक्कम असेल तर एकशे अठराने भागायचं आणि शंभराने गुणायचं, ती मालाची किंमत. अठराने गुणलं तर कर. किंवा सरळ एक पूर्णांक अठराने भागा. मग म्हणाला, तुमच्या वहिनींची वही मी दर महिन्याला ताडून बघतो, एका पैशाचाही फरक येत नाही, आता काय झालं?

धाकट्याने फोन ठेवला. पाचशे नव्वद भागिले एकशे अठरा केलं. पाच आले. पाच गुणिले शंभर, पाचशे. अठराने गुणलं, नव्वद. डब्यावरच्या पेन्सिलीच्या आकड्याकडे बघितलं.

मग तो स्वतःहून दोन लाख छत्तीस हजारांकडे गेला. एकशे अठराने भागले, दोन हजार आले. शंभराने गुणले, दोन लाख. कर छत्तीस हजार. वहीत दोन लाखच होते. एक रुपया कमी नव्हता, एक रुपया जास्त नव्हता. त्याने आधी काढलेला कर बेचाळीस हजार चारशे ऐंशी होता. जे सहा हजार चारशे ऐंशी आम्ही तिच्याकडे मागत होतो ते बरोबर त्या छत्तीस हजारांवरचे अठरा टक्के होते. ते कधी गल्ल्यात आलेच नव्हते, तर जाणार कुठे?

आधीचे महिनेही जुळले. तो एकेक महिना जुळवत गेला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटी म्हणाला, मी जाऊन वहिनीला आणतो. मी म्हटलं, चावी मी मागितली होती, मी जाते.

दुसऱ्या दिवशी डहाणूला गेले. रुमालात चावी आणि साखळी बांधली होती. तिच्या आईच्या घरी अंगणात चिकू पसरले होते, सून आणि तिची आई निवडत होत्या. तिच्या आईने मला बघितलं आणि आत निघून गेली. पाणी आणलं नाही. बरोबर होतं.

मी पायरीवर बसले. म्हटलं, हिशेब जुळला. चूक आमची होती. कर काढायची रीत चुकली. तुझे पैसे बरोबर होते, प्रत्येक महिन्याचे.

तिने हातातला चिकू बाजूला ठेवला. रीत काय चुकली ते विचारलं. मी सांगितलं, एकशे अठरातले अठरा. तिचे ओठ हलत होते, मनात भागत असावी. मग म्हणाली, "ते होते तेव्हा पेन्सिलीचा आकडा लावून तपासायचे. मला भागायचं माहीत नव्हतं. मी मोबाइलवर केलं तरी कमीच आले, म्हणून मला वाटलं माझ्याच हातून कुठेतरी जात असतील. माझं लक्ष नसतं आई. सुटे देताना कधी किती दिले ते मला नंतर आठवत नाही."

मला वाटलं होतं, हे असं लक्ष नसणं फक्त माझंच होतं.

मग तिने विचारलं, "तुम्हाला वाटलं होतं का मी घेतले म्हणून?"

नाही म्हणता आलं असतं. म्हटलं, "वाटलं होतं."

तिने मान हलवली. रुमाल सोडला, साखळी घेतली आणि आत जाऊन आईकडे दिली, गळ्यात घातली नाही. चावी रुमालातच राहू दिली. म्हणाली, सोमवारी येईन. पण चावी माझ्याकडे राहणार असेल तर माझ्याकडेच राहील. कुणी मागायची नाही. आणि वही बघायची असेल तर दुकानात, माझ्यासमोर बघायची.

मी म्हटलं, बरं.

सोमवारी ती आली. धाकट्याने रजेचे उरलेले दिवस सोडून दिले आणि कामावर परत गेला. जाण्याआधी तीनशे ब्याऐंशी रुपये खिशातून काढून गल्ल्यात टाकले. कुणी सांगितलं नव्हतं. ते गल्ल्यात का आले हे सुनेने विचारलं, त्याने सांगितलं, तिने वहीत तसं लिहिलं. तो तिच्यासमोर उभा राहून काहीतरी बोलायला बघत होता. ती म्हणाली, भाऊजी, बस चुकेल.

ठेकेदार आठवड्याने परत आला. पुन्हा दहा डबे, पुन्हा कर वेगळा हवा. सुनेने बिलावर मालाची किंमत पाच हजार लिहिली, खाली केंद्राचा कर साडेचारशे, राज्याचा साडेचारशे, एकूण पाच हजार नऊशे. मग मशीनवर पाच हजार नऊशे भागिले एकशे अठरा करून बघितलं. तो म्हणाला, मागच्या वेळी स्वस्त पडलं होतं. ती म्हणाली, मागच्या वेळी दुकान बंद होतं.

तिने मला माफ केलं की नाही हे मी विचारलेलं नाही. आम्ही दोघी दिवसभर तिथे बसतो. बोलणं बहुतेक आकड्यांचं होतं. संध्याकाळी दिवसाची बेरीज झाली की ती मशीन माझ्याकडे सरकवते, मी बघते, कारण आता एवढं भागायला मलाही येतं.

"किती?" ती विचारते.

मी आकडा सांगते. ती वहीत बघते.

"बरोबर," म्हणते, आणि शटर ओढायला उठते.